३६ टक्के की १ टक्का? औषधाच्या चाचणीतला कुठला आकडा धरायचा?

ऋजुता_के

नमस्कार मंडळी. घरात वाद पेटलाय, म्हणून इथे विचारते. बाबा ६१ वर्षांचे आहेत. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, हृदयाचा त्रास आजवर नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० सुरू केली. दवाखान्यात टेबलावर एक रंगीत पत्रक होतं, त्यावर ठळक अक्षरांत ‘हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी’. बाबा खूश झाले.

चार दिवसांनी काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड पाठवला. त्यात त्याच चाचणीचं नाव देऊन लिहिलंय की खरा फायदा जेमतेम १ टक्का आहे, ३६ ही धूळफेक आहे आणि वर या गोळ्यांनी मधुमेह २५ टक्क्यांनी वाढतो. आता बाबा म्हणतात, एका टक्क्यासाठी रोज गोळी गिळायची आणि पाव हिस्सा डायबेटीस विकत घ्यायचा, असले उद्योग मला नकोत. गोळी ड्रॉवरमध्ये गेली.

प्रश्न सरळ आहे. एकाच चाचणीतून ३६ आणि १ हे दोन्ही आकडे कसे निघतात? आणि बाबांच्या बाबतीत कुठला धरायचा?

अवधूत_६०

ऋजुता, आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हे चटकन दिसतं. ३६ हा दर आहे, मुद्दल सांगितलेलं नाही. मुद्दल लाखाचं असेल तर ३६ टक्के भरपूर, शंभराचं असेल तर चहापाणी. मुळात १०० जणांत तिघांनाच अटॅक येणार असेल आणि गोळीने दोघांना आला, तर फरक एकाचा. म्हणून माझं स्पष्ट मत: टक्क्यांनी कमी झालं म्हणणाऱ्याचं ऐकूच नये. खरा आकडा १, बाकी जाहिरात.

मिलिंद_एनजे

ही चाचणी म्हणजे अ‍ॅस्कॉट. इथे अमेरिकेत लिपिटॉरच्या, म्हणजे याच गोळीच्या ब्रँडच्या, जाहिरातींनी हा आकडा घराघरांत पोचवला होता. वर्तमानपत्रात पानभर, कृत्रिम हृदयाशी ज्यांचं नाव जोडलेलं ते रॉबर्ट जार्विक, आणि मोठ्या टाइपात ३६%. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी. चांदणीचा माग काढत पानाच्या तळाशी गेलं की बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की मोठ्या चाचणीत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना हार्ट अटॅक आला आणि लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना. म्हणजे दोन्ही आकडे एकाच पानावर, फक्त टाइप वेगळा. जार्विकच्या जाहिराती २००८ मध्ये बंद झाल्या.

तेजस_डोंबिवली

थांबा, ३ वरून २ म्हणजे ३३ टक्के होतात. ३६ कुठून आले?

शर्वरी_एस

तेजस, बरोबर पकडलंत. मी चाचण्यांच्या संख्याशास्त्रातच काम करते, त्यामुळे मूळ आकडेच मांडते, सगळा घोळ त्यातच सुटतो.

अ‍ॅस्कॉटचा हा भाग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं ४० ते ७९ वयाची, सगळ्यांना बीपी, शिवाय आणखी किमान तीन जोखमीच्या गोष्टी, पण कोलेस्टेरॉल फार चढलेलं नाही. ५१६८ जणांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, ५१३७ जणांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. मधल्या काळात, म्हणजे साधारण ३.३ वर्षांत, गोळीवाल्यांत १०० जणांना अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला. रिकाम्या गोळीवाल्यांत १५४ जणांना.

आता हजारावर आणू. औषध नाही तर हजारात ३०, औषध घेतलं तर हजारात १९. वाचले ११. हे ११ मूळच्या ३० शी ताडले की ३६ टक्के येतात. हजाराशी ताडले की १.१ टक्का. वाचलेली माणसं तीच ११, भागाकार कशाने केला एवढाच फरक. जाहिरातीत १.९ चे २ केले म्हणून तुमचे ३३ आले.

तिसरा आकडा फॉरवर्डमध्ये नाही, पण मला तो सर्वांत जवळचा वाटतो. एकाचा अटॅक टळावा म्हणून किती जणांना ही गोळी द्यावी लागली? हजारात ११, म्हणजे सुमारे ९० जणांना. अपूर्णांक न सोडता केलं तर ९४. यालाच एनएनटी म्हणतात. तो नेहमी मुदतीसकट सांगायचा: ९४ जण, सव्वातीन वर्षं.

बंड्या_नागपूर

म्हणजे ९४ गोळ्या झाल्या की मग असर सुरू होते काय? माझ्या दोन पट्ट्याच झाल्यात अजून.

शर्वरी_एस

नाही हो, ९४ माणसं. प्रत्येकाने सव्वातीन वर्षं रोज घेतली तर त्यांपैकी एकाचा त्या काळातला अटॅक टळतो, असा हिशेब आहे. तुमच्या पट्ट्या चालू ठेवा.

गोदाकाठ

मी काही वर्षं एमआर होतो, आता शेती बघतो. डॉक्टरांपुढे धरायची व्हिज्युअल एड हातात खेळवलीय, म्हणून त्यातला एक तपशील सांगतो. दोन खांबांचा आलेख असायचा, एक उंच लाल, एक बुटका हिरवा. हिरवा लालच्या साधारण दोन तृतीयांशावर. उभी रेघ शंभरापर्यंत नेली असती तर दोन्ही खांब जमिनीलगतच्या पट्ट्या दिसले असते. ती ३ वर संपवलेली असे. खोटं एकही अक्षर नाही. डॉक्टर तेवढ्या पानावर दोन-चार सेकंद थांबत. आम्हाला ट्रेनिंगमध्ये एकच वाक्य घोटून घेतलेलं, त्यात ३६ होतं, ३ आणि २ नव्हते.

दुसरी गोष्ट. साइड इफेक्ट्सचं पान आलं की तेच आकडे उलटे मांडलेले असत. तिथे ‘अतिरिक्त धोका केवळ अमुक टक्का’. फायद्याला एक माप, तोट्याला दुसरं.

अवधूत_६०

गोदाकाठ, हेच म्हणत होतो मी. उघड फसवणूक.

ऋजुता_के

पण काकांच्या फॉरवर्डमध्ये याच्या बरोबर उलट केलंय, नाही का? फायदा १ टक्का आणि मधुमेह २५ टक्के!

शर्वरी_एस

अगदी. ते २५ बहुधा ज्युपिटर चाचणीतून उचललेत, २००८ ची, रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमची. दोन्ही बाजूंना ८९०१ माणसं. मधुमेहाची नवी नोंद औषधवाल्यांत २७०, रिकाम्या गोळीवाल्यांत २१६. २१६ च्या मानाने ५४ जास्त, म्हणजे २५ टक्के. पण ८९०१ च्या मानाने ०.६ टक्का, साधारण १६५ जणांमागे एक जास्तीचा मधुमेह. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने फायद्याला माणसांनी भागलं आणि तोट्याला घटनांनी. शिवाय औषध वेगळं, डोस वेगळा, लोकही वेगळे.

एकाच मापाने बघा. ज्युपिटरमध्येच हार्ट अटॅक, स्ट्रोक, अँजिओप्लास्टी वगैरे धरून घटना २५१ वरून १४२ वर आल्या, म्हणजे सुमारे ८२ जणांमागे एक टळली. टळलेल्या १०९ एका बाजूला, नवे मधुमेह ५४ दुसऱ्या बाजूला. यातलं काय जड धरायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण तराजू एकच हवा.

आणि अवधूतकाका, ‘टक्क्यांनी कमी’ हा आकडा फेकून देण्याला माझा ठाम विरोध आहे. कारण नवीन माणसापर्यंत पोचणारा आकडा तोच असतो. १.१ हा त्या दहा हजार माणसांचा आकडा आहे, त्यांच्या मूळ धोक्यातून आणि त्या सव्वातीन वर्षांतून निघालेला. ऋजुताच्या बाबांचा मूळ धोका त्यांच्याएवढा नसेल तर त्यांचा फायदा १.१ असणारच नाही.

अवधूत_६०

म्हणजे दर आणि मुद्दल दोन्ही लागतात म्हणता. हे मान्य. पण छापताना दोन्ही छापा ना मग!

सुमनताई

मला आकड्यांतलं कळत नाही, पण अनुभव लिहिते. माझी हीच गोळी चालू होती आणि पोटऱ्यांत गोळे यायला लागले. जिना चढवेना. बंद केली, बरं वाटलं. तेव्हा ही गोळी वाईटच, किती का टक्के असेनात.

डॉ_माणदेश

सुमनताई, त्रास खरा असतो, तो डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा. पोटऱ्या फार दुखल्या किंवा लघवी गडद झाली तर लगेच. पण गोळीनेच झालं का, हे एकट्या अनुभवावरून सांगता येत नाही. याच अ‍ॅस्कॉटमध्ये २०१७ साली एक गोष्ट बाहेर आली. आपण काय घेतोय हे कोणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा स्नायूंच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्या होत्या, वर्षाला शंभरात दोनच्या आसपास. पुढे चाचणीचा तो भाग संपला, कोण ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, घेतंय हे उघड झालं, तेव्हा घेणाऱ्यांकडून तक्रारी जास्त आल्या. हाडामांसाचं दुखणं या वयात सगळ्यांनाच असतं, त्यामुळे शेजारी दुसरा गट नसेल तर दोष गोळीकडे जातो. डोस कमी करून किंवा गोळी बदलून बघता येतं.

सुमनताई

माझं दुखणं मनाचं होतं असं म्हणायचंय का तुम्हाला?

डॉ_माणदेश

नाही ताई, दुखणं पोटऱ्यांतच होतं. कारण कुठलं, एवढाच प्रश्न आहे. काही थोड्यांना गोळीमुळेही होतं.

अनघा_जी

धागा वाचून धास्तावले. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन स्टेंट बसवला. तेही स्टॅटिनवर आहेत. ९४ जणांत एकालाच फायदा असेल तर आम्ही उगाच देतोय का? गोळ्यांचा डबा आधीच भरलाय.

डॉ_माणदेश

अनघाताई, कृपा करून बंद करू नका. याच भीतीने मी अशा धाग्यांवर लक्ष ठेवून असतो.

तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसांवरची चाचणी वेगळी. फोर-एस, १९९४, सिमव्हास्टॅटिन, ४४४४ रुग्ण, सगळ्यांना आधी अटॅक येऊन गेलेला किंवा अंजायना असलेला. साधारण साडेपाच वर्षांत रिकाम्या गोळीवर २५६ जण गेले, औषधावर १८२. ही घट अंदाजे ३० टक्के, म्हणजे अ‍ॅस्कॉटच्या ३६ पेक्षा कमीच दिसते. पण इथे मूळ धोका होता शंभरात साडेअकरा मृत्यूंचा. त्यामुळे साधारण ३० जणांना औषध दिलं की एकाचा जीव वाचला. जीव म्हणतोय मी, नुसता अटॅक टळणं नव्हे.

शर्वरीताई म्हणतात ते इथे दिसतं. घटीचे टक्के जवळपास सारखे, पण एका गटात ९४ मागे एक अटॅक, दुसऱ्यात ३० मागे एक जीव.

अनघा_जी

धन्यवाद डॉक्टर. जीव भांड्यात पडला. डबा भरलेलाच राहील.

मिलिंद_एनजे

मग अ‍ॅस्कॉटमध्ये जीव किती वाचले? जाहिरातीत ते कधी वाचल्याचं आठवत नाही.

शर्वरी_एस

सगळी कारणं धरून मृत्यू गोळीवाल्यांत १८५, दुसरीकडे २१२. फरक आहे, पण योगायोगानेही एवढा पडू शकतो, त्यामुळे त्यावरून दावा करता येत नाही. चाचणी पाच वर्षं चालायची होती, फायदा दिसतोय म्हणून मध्येच थांबवली. यात दोन परिणाम होतात. एक, मृत्यूंबद्दल काही ठाम कळायला वेळच उरत नाही. दोन, ऐन भरतीच्या वेळी मोजणी थांबली तर घट असते त्यापेक्षा थोडी फुगलेली दिसण्याची शक्यता वाढते.

त्या ३६ ला दोन्ही बाजूंनी शेपटी आहे, तीही पत्रकावर नसते. आकडेवारीच्या हिशेबाने खरी घट १७ पासून ५० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. त्याच मूळ धोक्यावर हे लावलं तर एनएनटी ६७ पासून २०० च्या जवळ जातो. म्हणून ‘९४’ हा आकडा कुणी दगडावरच्या रेघेसारखा सांगितला तरी सावध राहा.

तेजस_डोंबिवली

अजून एक शंका. ९४ मध्ये एक वाचला, मग उरलेले ९३ जण फुकटच गोळ्या खातात, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का?

शर्वरी_एस

चाचणी एवढंच सांगते की त्या मुदतीत एक अटॅक कमी झाला. ९३ जणांपैकी बहुतेकांना त्या सव्वातीन वर्षांत गोळी न घेताही अटॅक येणार नव्हता. दोघांच्या आसपास लोकांना घेऊनही आला. कुणाचा चौथ्या वर्षी यायचा तो सातव्यावर गेला असेल, ते मोजणीत आलंच नाही. आणि तो ‘एक’ कोण हे कुणालाच सांगता येत नाही, त्या माणसालासुद्धा. त्यामुळे ‘९३ ना शून्य उपयोग’ हे वाक्य आकड्यांतून निघत नाही.

ऋजुता_के

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. बाबांचं काय?

डॉ_माणदेश

त्यासाठी बाबांचं मुद्दल काढायचं, अवधूतकाकांच्या भाषेत. जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे तक्ते आहेत, दक्षिण आशियासाठी वेगळा आहे. वय, लिंग, सिगरेट-बिडी, वरचं बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल बघून पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येण्याचा धोका वाचता येतो. दोन मिनिटांचं काम.

समजा, तक्त्यात १० टक्के आले. अनेक चाचण्या एकत्र केल्यावर दिसतं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ४० अंकांनी उतरलं की अशा मोठ्या घटना अंदाजे पाचव्या हिश्श्याने कमी होतात. १० चे ८ झाले. शंभरात दोघे वाचले, म्हणजे दहा वर्षांत ५० जणांमागे एक. तक्त्यात २५ आले तर २० होतील, म्हणजे २० जणांमागे एक. ५ आले तर १०० जणांमागे एक. गोळी तीच, घट तीच.

तेजस_डोंबिवली

३६ चा पाचवा हिस्सा कधी झाला? मघाशी तर एक तृतीयांश होतं.

शर्वरी_एस

३६ फक्त हार्ट अटॅकचा, एका चाचणीचा, मध्येच थांबलेल्या. पाचवा हिस्सा हा स्ट्रोक आणि अँजिओप्लास्टीसारख्या गोष्टी धरून, अनेक चाचण्यांचा मिळून. काय मोजलं हे बदललं की टक्का बदलतो. मी असते तर बाबांसाठी सबुरीचा आकडाच धरला असता.

गोदाकाठ

डॉक्टर, रागावू नका, पण ओपीडीत दोन मिनिटं कोण देतं? बाहेर तीस माणसं बसलेली असतात.

डॉ_माणदेश

रागवत नाही. माझ्याकडेही बसलेली असतात. म्हणून मी तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवलाय आणि रुग्णालाच त्याचा चौकोन दाखवतो. पण तक्त्याचीही मर्यादा सांगतो, त्यात घराण्यातला इतिहास धरलेला नाही. आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक इतर देशांच्या मानाने लवकर येतो, सरासरी ५३ व्या वर्षी, असं इंटरहार्ट पाहणीत दिसलं होतं. ऋजुता, तुमच्या आजोबांना किंवा आत्या-काकांना साठीच्या आत काही झालं होतं का?

ऋजुता_के

मोठे काका ५२ व्या वर्षी अटॅकने गेले. फॉरवर्ड पाठवणारे धाकटे. बाबांची वरची बीपी गोळी घेऊनही १५० च्या आसपास असते, सिगरेट नाही, साखर काठावर.

डॉ_माणदेश

मग मी तक्त्यात येईल त्यापेक्षा धोका वरच धरीन. आणि एक, १५० वर थांबलेलं बीपी हाही मुद्दलाचाच भाग आहे. ते खाली आणलं तर धोका त्यानेही उतरतो. डॉक्टरांना दोन्ही विचारा.

अवधूत_६०

माझा एक प्रश्न राहतोच. एनएनटी किती असला की गोळी घ्यावी? ५० बरा, १०० नको, असं काही ठरलेलं आहे का?

शर्वरी_एस

ठरलेली रेघ नाही. गोळीची किंमत, त्रास, टळणारी गोष्ट किती गंभीर, यावर जातं. स्टॅटिन स्वस्त आहे म्हणून लोक १०० लाही हो म्हणतात. महिन्याला हजारो रुपयांच्या इंजेक्शनला ५० लाही नाही म्हणतील.

सुमनताई

आणि ज्याच्या पोटऱ्या दुखतात तो ३० लाही नाही म्हणेल.

अवधूत_६०

सुमनताईंशी सहमत. पण मी स्वतः १०० ला नाही म्हणेन, रोजची एक गोळी आधीच जास्त वाटते मला.

ऋजुता_के

बाबांना हा धागा वाचायला दिला. म्हणतात, २० मागे एक असेल तर घेतो, १०० मागे एक असेल तर नाही, मधलं काही आलं तर मंगळवारी डॉक्टरांशी भांडतो. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट सोबत घेऊन जातोय. तक्त्यात काय येतं ते इथे लिहीन.

मिलिंद_एनजे

नक्की लिहा. आणि ते पत्रक हाताशी असेल तर ३६ वर चांदणी आहे का तेही बघा.

ऋजुता_के

आहे. मागच्या बाजूला, घडीच्या आत, ३.० आणि १.९ दोन्ही छापलेत.